महिला मॅचचा रिपोर्ट: ‘लेडी सेहवाग’ काढल्यावर तिथे काय लिहायचं

प्रश्न: मी वुमेन्स क्रिकेटचे मॅच रिपोर्ट लिहिते. दर वेळी कुठेतरी ‘लेडी सेहवाग’, ‘कपिलसारखा कॅच’ असं येतंच, आणि ते काढून टाकलं की कॉपी एकदम कोरडी वाटते, नुसता स्कोअरकार्ड उरतो. पुरुष खेळाडूंशी तुलना न करता, फक्त खेळावर रिपोर्ट कसा लिहायचा? एखादं खरं उदाहरण घेऊन सांगाल का?

उत्तर:

तुलना काढल्यावर कॉपी कोरडी वाटते हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि त्यातच कारण सापडतं. बहुतेक वेळा तुलना येते ती आपल्या वहीत त्या क्षणाबद्दल काहीच लिहिलेलं नसतं म्हणून. शेफाली जोरात खेळली हे आठवतंय, पण कुठल्या बॉलरला, कुठल्या ओव्हरला, फिल्ड कशी होती तेव्हा, हे काहीच आठवत नाही, डेडलाइन डोक्यावर, मग सेहवाग मदतीला येतो. त्यामुळे लिहिताना नावं गाळत बसण्याचा फारसा उपयोग नाही, काम मॅच बघतानाच करावं लागतं.

उदाहरण म्हणून २ नोव्हेंबर २०२५ ची वर्ल्ड कप फायनल घेऊ, नवी मुंबई, डी. वाय. पाटील स्टेडियम, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. सगळ्यांनी बघितलेली मॅच आहे आणि त्या रात्री तुलनांचा नुसता पूर आला होता. शेफाली म्हणजे सेहवाग, अमनजोतचा कॅच म्हणजे कपिल, ट्रॉफी म्हणजे १९८३. त्या दिवशीच्या कॉप्यांमधे साधारण असा पॅरा हमखास असायचा (हा मी नमुना म्हणून बनवलाय, कुणाचा उचललेला नाही):

*‘लेडी सेहवाग’ शेफाली वर्माने वादळी ८७ रन्स ठोकल्या. त्यानंतर बॉलिंगमधेही तिने कमाल केली. अमनजोत कौरने कपिल देवच्या ऐतिहासिक झेलाची आठवण करून देणारा कॅच घेतला आणि भारताच्या वाघिणींनी १९८३ ची पुनरावृत्ती केली.*

आता एक टेस्ट करा. यातली पुरुषांची नावं आणि १९८३ खोडा आणि बघा वाचकाला मॅचबद्दल काय कळतं. शेफालीच्या ८७ झाल्या, कुणीतरी कॅच घेतला, भारत जिंकला. म्हणजे तुलनेने माहिती दिलेलीच नव्हती, फक्त जागा भरलेली होती. (वाघिणी, रणरागिणी, लेकी यांचंही तेच. त्यात पुरुष नसतो पण खेळही नसतो.)

तर मग त्या जागी काय यायला हवं. आधी भारताची इनिंग बघू. २९८/७, पन्नास ओव्हर्स. म्हणजे जवळपास बॉलला रन. पण ती रन-अ-बॉल इनिंग अजिबात सरळ नव्हती. स्मृती आणि शेफालीची ओपनिंग १०४ ची, अठराव्या ओव्हरपर्यंत. शेफाली ७८ बॉलमधे ८७, म्हणजे रेट शंभराच्या बराच वर. मग तिच्यानंतर बघा, जेमिमा ३७ बॉलमधे २४, हरमनप्रीत २९ बॉलमधे २०. दोघींच्या मिळून ६६ बॉलमधे ४४. इथे इनिंग अडकली होती. हरमनप्रीत तर म्लाबाच्या स्पिनवर बोल्ड झाली. शेवटी रिचा घोषने २४ बॉलमधे ३४ मारल्या आणि दीप्ती एका बाजूला ५८ बॉलमधे ५८ करून शेवटच्या बॉलवर रनआउट झाली, तेव्हा कुठे तीनशेच्या जवळ गेलो.

आता शेफालीची इनिंग किती मोलाची होती हे सांगायला तुम्हाला सेहवाग लागतोच कुठे? तिचं मोजमाप त्याच मॅचमधे पडलेलं आहे. ज्या पिचवर मधल्या ओव्हर्समधे सेट व्हायला बघणाऱ्या दोन अनुभवी बॅटर्सना बॉलला रन काढणं जड गेलं, तिथे ही बाई ७८ बॉलमधे ८७ करून गेलेली. आणि शिवाय ती मूळ टीममधे नव्हतीच, प्रतिका रावलला दुखापत झाली म्हणून नॉकआउटला आली, सेमीफायनलला दहावर आउट झाली. या तीन वाक्यांमधे ड्रामा आहे की नाही सांगा.

हा माझा पहिला नियम म्हणा: तुलना करायचीच असेल तर आधी त्याच मॅचमधे शोधा. तीच पिच, तेच बॉलर्स, तीच संध्याकाळ, दुसरी बॅटर. नाही मिळाली तर त्याच खेळाडूच्या आधीच्या मॅचेसमधे. नाही तर त्याच दोन टीम्सच्या मागच्या भेटीत. आणि मग महिला क्रिकेटच्या इतिहासात. एवढं सगळं शोधून झाल्यावर पुरुषांपर्यंत जायची वेळच येत नाही.

इतिहासाचं एक उदाहरण देतो कारण तिथे लोक सगळ्यात जास्त घसरतात. लॉरा वोल्वार्टने फायनलला ९८ बॉलमधे १०१ केल्या. त्याआधी गुवाहाटीला इंग्लंडविरुद्ध सेमीफायनलला १६९. आता हिची तुलना कुणाशी करायची? तर अलिसा हीलीशी. तिने २०२२ च्या वर्ल्ड कपला सेमीफायनलला वेस्ट इंडिजविरुद्ध १२९ आणि फायनलला इंग्लंडविरुद्ध १७० केल्या होत्या. एकाच वर्ल्ड कपच्या सेमी आणि फायनल दोन्हीत सेंच्युरी, हीली आणि मग वोल्वार्ट. ही तुलना वाचकाला काहीतरी नवीन देते, एखादा हीलीची ती इनिंग शोधून बघेल सुद्धा. आणि फरक पण आपोआप दिसतो, हीलीची टीम जिंकली होती, वोल्वार्टची हरली.

आता मॅच फिरली तो भाग, कारण रिपोर्टचा खरा जीव तिथे असतो. २९९ चं टार्गेट. ५१ वर पहिली विकेट गेली, ब्रिट्सला अमनजोतने डायरेक्ट हिटवर रनआउट केलं. ६२ वर बॉश, श्री चरणीने शून्यावर एलबी. मग वोल्वार्ट आणि सुने लुस यांची पार्टनरशिप जमली, ५२ ची. वीस ओव्हर्स झाल्या, दोनच विकेट गेल्या होत्या, लागणारा रेट सहाच्या थोडा वर, म्हणजे आफ्रिकेच्या हातात मॅच होती असं म्हटलं तरी चालेल. तिथे हरमनप्रीतने बॉल शेफालीकडे दिला. वनडेत क्वचितच बॉलिंग करणारी मुलगी, फायनलला, एकविसाव्या ओव्हरला. दुसऱ्याच बॉलला लुसने तिच्याच हातात कॅच दिला. मग तिच्या पुढच्या ओव्हरच्या पहिल्या बॉलला मारिझान काप, कीपर रिचाकडे कॅच. ११४/२ चे १२३/४.

त्या रात्री बऱ्याच कॉप्यांमधे या भागाला एक ओळ होती, ‘बॉलिंगमधेही कमाल’. अरे तीच तर मॅच होती! कॅप्टनचा निर्णय, त्यामागचं कारण (हरमनप्रीतने नंतर सांगितलं की मनाने कौल दिला म्हणून दिला), लगेच मिळालेलं फळ, आणि त्याने मिडल ऑर्डर उघडी पडली. माझ्या मते या रिपोर्टचा दुसरा किंवा तिसरा पॅरा हाच असायला हवा होता, मग भले शेफालीच्या बॅटिंगला थोडी कात्री लागो.

पुढे दीप्तीने जाफ्ताला काढलं, १४८/५. मग वोल्वार्ट आणि डेर्कसेन यांची ६१ ची पार्टनरशिप. टीव्हीसमोर बसलेले सगळे परत गप्प. डेर्कसेनला दीप्तीने बोल्ड केलं २०९ वर. आणि मग बेचाळिसाव्या ओव्हरचा पहिला बॉल, वोल्वार्टने दीप्तीला डीप मिडविकेटकडे उचललं, अमनजोत पळत आली, बॉल दोनदा हातातून निसटला आणि तिसऱ्यांदा तिने एका हाताने पकडला.

हा कॅच कपिलच्या १९८३ च्या कॅचशी जोडला गेला. का, तर दोन्ही फायनल, दोन्ही समोरच्या टीमची सगळ्यात मोठी बॅटर. पण खेळ म्हणून बघितलं तर दोन्ही कॅचमधे साम्य फारसं नाही, कपिल मागे धावत गेला आणि बॉल त्याने व्यवस्थित हातात घेतला, इथे बॉल हातात राहतच नव्हता. म्हणजे तुलनेमुळे वाचकाच्या डोळ्यासमोर चुकीचं चित्र गेलं. हा तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. अपमान होतो वगैरे बाजूला ठेवा, तुलना वर्णन म्हणूनच फसते. अमनजोतची झुंज स्वतःच्या हातांशी चालली होती, ते लिहा, वाचक श्वास रोखून वाचतो.

आणि त्या कॅचची किंमत सांगा आकड्यात, पण जपून. २२०/७, ५३ बॉलमधे ७९ हव्या होत्या. एवढंच वाचलं तर वाटतं संपली मॅच. पण क्रीजवर कोण होतं तर नदीन डी क्लर्क. जिने त्याच वर्ल्ड कपच्या लीग मॅचला, ९ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला, भारताचे २५१ चेस करताना टीम १४२/६ असताना क्रीजवर येऊन ५४ बॉलमधे नाबाद ८४ मारून मॅच काढली होती. हे ज्याला माहीत आहे त्याला कळतं की वोल्वार्ट गेल्यावरही हरमनप्रीत निवांत का नव्हती, आणि शेवटची विकेट म्हणून डी क्लर्कचाच कॅच हरमनप्रीतने मागे पळत जाऊन घेतला तेव्हा ती तशी का धावत सुटली. आफ्रिका २४६, भारत ५२ रन्सनी जिंकला, दीप्ती ३९ ला ५.

बघा, तुमच्या रिपोर्टला जी पार्श्वभूमी लागते ती चोवीस दिवस आधीच्या मॅचमधे होती. बेचाळीस वर्षं मागे जायची गरज नव्हती. १९८३ बद्दल लिहायचंच असेल तर वेगळा लेख करा, तिथे तो विषय शोभतो. रिपोर्टमधे मागे जायचं तर २००५ सेंच्युरियन आणि २०१७ लॉर्ड्स या दोन हरलेल्या फायनल्सकडे जा. २०१७ ला इंग्लंडविरुद्ध २२९ चं टार्गेट, १९१/३ वरून २१९ ऑलआउट, नऊ रन्सनी गेली मॅच. नवी मुंबईला बचाव करताना ज्या जुन्या खेळाडूंच्या पोटात गोळा आला असेल तो यामुळे, कपिलमुळे नाही.

तर वरच्या नमुन्याच्या जागी मी असं काहीतरी लिहिलं असतं:

*वीस ओव्हर्स झाल्या तेव्हा वोल्वार्ट आणि लुस सेट होत्या आणि भारताला दोनच विकेट मिळाल्या होत्या. हरमनप्रीतने बॉल शेफाली वर्माला दिला. पाऊस थांबल्यावर सुरू झालेल्या इनिंगमधे ७८ बॉलमधे ८७ करणाऱ्या शेफालीने दुसऱ्याच बॉलवर लुसचा कॅच स्वतःच घेतला, पुढच्या ओव्हरला कापला परत पाठवलं. ११४/२ चे १२३/४ झाले आणि तिथून आफ्रिकेचा सगळा भार वोल्वार्टवर आला. तिने तो बेचाळिसाव्या ओव्हरपर्यंत ओढला. मग दीप्तीचा बॉल डीप मिडविकेटला उंच गेला, अमनजोतच्या हातातून दोनदा सुटला आणि तिसऱ्यांदा राहिला.*

विशेषणं जवळपास नाहीत. कोरडं वाटतं का? मला नाही वाटत. क्रियापदं काम करतायत.

हरमनप्रीतच्या २०१७ च्या १७१ चंही असंच झालं होतं. डर्बी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेमीफायनल, ११५ बॉलमधे नाबाद १७१, आणि सगळीकडे कपिलच्या १७५ ची आठवण. पण त्या इनिंगचं सौंदर्य तिच्या चढणीत होतं. पहिली फिफ्टी ६४ बॉलमधे, दुसरी २६ मधे, तिसरी १७ मधे. पावसामुळे ४२ ओव्हर्सची मॅच, त्यात एवढा वेळ थांबून मग असं सुटायचं. हे तीन आकडे दिले की वाचकाला इनिंग ऐकू येते. कपिलचं नाव दिलं की वाचकाला कपिल आठवतो, बास.

आता दुसरी गोष्ट, जी जरा टेक्निकल आहे पण इथे चांगले रिपोर्टर पण अडकतात. वुमेन्स वनडेच्या खेळाच्या अटी. बॉल १४० ते १५१ ग्रॅमचा, बाउंड्री ६० ते ७० यार्डांमधे, आणि पहिल्या दहा ओव्हर्सनंतर शेवटपर्यंत सर्कलबाहेर चारच फिल्डर. लोक हे ‘सवलत’ असल्यासारखं लिहितात, ‘छोट्या बाउंड्रीवर’ वगैरे. छोटी कुणाच्या मानाने? तो शब्द आला की पुरुषांची मॅच न बोलावता येऊन बसली. त्यापेक्षा त्या अटींनी त्या मॅचमधे काय झालं ते लिहा. चारच फिल्डर बाहेर म्हणजे शेवटच्या ओव्हर्सना बॉलरला एका बाजूला फिल्ड लावून त्याच बाजूला बॉल टाकावा लागतो, लाइन जरा चुकली की दुसरी बाजू मोकळी. रिचासारखी बॅटर आली की कॅप्टनची खरी पंचाईत हीच, लाँगऑन ठेवू की डीप पॉइंट. डेथ ओव्हर्सला कोण कुठे उभं होतं हे वहीत टिपा, निम्मा रिपोर्ट तिथे तयार होतो. (स्पर्धेच्या अटी आधी एकदा वाचून घ्या, टी-२० आणि वनडेत फरक असतो आणि नियम बदलतही असतात.)

स्पीडचंही तसंच. शबनीम इस्माइलने २०२४ च्या डब्ल्यूपीएलमधे ताशी १३२.१ किमीचा बॉल टाकला, महिला क्रिकेटमधे तोवर नोंदलेला सगळ्यात वेगवान. तो आकडा एकटा दिला की कॉमेंटमधे लगेच ‘आमच्या गल्लीतला पोरगा’ सुरू होतं. म्हणून स्पीड लिहिताना सोबत बॅटरचं काय झालं ते लिहा, बॅट उशिरा आली का, मागच्या पायावर अडकली का, त्याच बॉलरचा आधीचा बॉल किती हळू होता. बॉलिंगमधला वेग समोरच्या बॅटरच्या टायमिंगवरून कळतो.

‘पुरुष किंवा महिला, दोन्हीत पहिलीच’ या छापाच्या रेकॉर्डबद्दल. दीप्तीने त्या वर्ल्ड कपला २१५ रन्स आणि २२ विकेट्स घेतल्या आणि हे वाक्य तिच्या नावापुढे बरंच फिरलं. काही जण म्हणतील ही तर कौतुकाची तुलना आहे, हिला काय हरकत. मी रिपोर्टमधून काढतो. खोटं असतं म्हणून नाही, तर त्याने वाक्याचं वजन पुरुषांना मागे टाकण्यावर जातं आणि दीप्तीने मधल्या ओव्हर्सना कशी बॉलिंग केली हे राहून जातं. स्टॅट्सच्या चौकटीत टाका हवं तर, कुणाची ना नाही. यावर मतभेद आहेत, माझे काही सहकारी हे ठेवतात आणि त्यांचंही म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

आणि खेळाडू स्वतःच म्हणाली की मी अमक्याला बघून शिकले तर? ते तिचं वाक्य आहे, अवतरणात जसंच्या तसं द्या. फक्त प्रश्न तुम्ही त्या दिशेने विचारू नका. २०१७ च्या वर्ल्ड कपआधी मिताली राजला आवडता पुरुष क्रिकेटर कोण असं विचारलं होतं, तेव्हा तिने उलट विचारलं की हाच प्रश्न पुरुष खेळाडूला विचारता का. प्रेस कॉन्फरन्सला साधा प्रश्न विचारा, शेफालीला बॉल द्यायचं कधी ठरलं, वोल्वार्टला मिडविकेट का ठेवली होती. असे प्रश्न विचारले की उत्तरं पण खेळावरची येतात, खेळाडूंना ते आवडतं.

हेडिंगचा त्रास वेगळा. तुम्ही स्वच्छ कॉपी दिली तरी डेस्कवर रात्री कुणीतरी ‘लेडी’ चिकटवतं, माझ्या बाबतीत एका पेपरात हे अनेकदा झालंय. उपाय एकच सापडला, कॉपीसोबत स्वतःच दोन हेडिंग पाठवायची, मोजक्या शब्दांची, म्हणजे त्यांना शोधायला लागू नये. ‘शेफालीच्या दोन बॉलनी मॅच फिरवली’, ‘दीप्तीचे पाच, भारताचा कप’. घाईत असलेला माणूस तयार हेडिंग घेतो.

तुमच्या मॅचेस टीव्हीवर नसतील तर रिप्ले नाही, बॉल बाय बॉल नाही, म्हणून वहीची सवय लावा. मी पानाचे दोन भाग करतो, डावीकडे ओव्हर नंबर आणि स्कोअर, उजवीकडे फक्त बदल. बॉलर बदलली, एंड बदलला, स्लिप काढली, कीपर पुढे आली, बॅटर क्रीजबाहेर उभी राहायला लागली. रन्स लिहू नका, त्या स्कोअररकडून मिळतात, मॅच संपल्यावर त्यांच्या बुकचा फोटो मागून घ्या, देतात. विकेट पडली की लगेच तीन शब्द, बॉल कसा, शॉट कुठला, कॅच कुठे. आणि ब्रेकमधे एखाद्या कोचला पाच मिनिटं गाठून विचारा की ती अमुक ओव्हरला फिल्ड का बदलली. जिल्ह्याच्या मॅचला कोच मंडळी बाउंड्रीलाच खुर्ची टाकून बसलेली असतात आणि कुणी असलं काही विचारलं की भरभरून बोलतात.